कराओकेवर फोनवर गाताना आवाज तालाच्या मागे पडतो, आणि गाण्यात मिसळतही नाही

जाई_मिरज

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदा गाण्याची स्पर्धा ऑनलाइन आहे. ट्रॅकवर गायचं आणि ऑडिओ पाठवायचा. मुदत पुढच्या रविवारपर्यंत. मी एक जुनं भावगीत घेतलंय, साडेचार मिनिटांचं. कराओके ट्रॅक चांगला मिळालाय, त्याबद्दल तक्रार नाही.

मी काय केलं ते सांगते. फोन अँड्रॉइड, तीन वर्षांचा. ट्रॅक बँडलॅबमध्ये घेतला, ब्लूटूथचे इअरबड कानात घातले, फोन समोर टेबलावर उभा केला आणि गायले. गाताना सगळं जागच्या जागी वाटत होतं. ऐकायला बसले तर आवाज ठेक्याच्या मागून फरफटत येतोय! तीनदा गायले, तिन्ही वेळा तेच. पेटीवर रोज बसणारी बाई आहे मी, एवढी काही बेताल नाही.

दुसरं म्हणजे आवाज संगीतात मिसळतच नाही. कमी केला तर शब्द कळत नाहीत, वाढवला तर मी एकटीच पुढे येऊन उभी राहिल्यासारखी वाटते. आमच्या ह्यांनी ऐकून सांगितलं, "बातम्या चालू आहेत आणि शेजारच्या घरात गाणं लागलंय असं वाटतंय." कुणी नीट समजावून सांगेल का?

वसंतराव_नाशिक

जाई, फार विचार करू नका. मी माझी सगळी गाणी फोनवरच करतो. आवाज कमी वाटला की नॉर्मलाइज करायचं, एका बोटाचं काम. आणि थोडा एको टाकायचा, म्हणजे मिसळतो. ब्लूटूथचा काही संबंध नाही. मी त्याच बडवर रोज पिक्चर बघतो, ओठ आणि आवाज अगदी बरोबर जुळतात.

तबलापेटी

वसंतकाका, पिक्चरमध्ये ओठ जुळतात कारण प्लेअर लबाडी करतो. आवाज बडपर्यंत पोचायला वेळ लागणार हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो चित्रच तेवढं थांबवून धरतो. गाणाऱ्या माणसाला कोण थांबवणार?

जाईताई, तुमचा ताल ठीक आहे, निश्चिंत राहा. झालंय असं की ॲप ठेका वाजवतं, तो ब्लूटूथमधून तुमच्या कानात यायला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. तुम्ही कानातल्या ठेक्यावर बरोब्बर गाता. पण ॲपच्या हिशेबात तो ठेका केव्हाच वाजून गेलेला असतो, त्यामुळे तुमचा आवाज तेवढा उशिरा लिहिला जातो. शिवाय माइकमधून आवाज आत जायलाही थोडा वेळ लागतो, तो वेगळा.

आता एक विचारतो. रेकॉर्ड बटण दाबल्यावर कानातला ट्रॅक एकदम फोनवर बोलल्यासारखा, चपटा झाला होता का?

जाई_मिरज

हो! मला वाटलं ट्रॅकच खराब आहे. तबल्याची नुसती टकटक ऐकू येत होती.

तबलापेटी

मग ॲपने समोरच्या फोनचा माइक घेतलाच नाही, बडचा घेतला. बडचा माइक चालू झाला की ब्लूटूथ कॉलच्या पद्धतीवर जातं, आणि मग कानातलं संगीत आणि तुमचा आवाज दोन्ही टेलिफोनच्या दर्जाचे होतात. "बातम्या" वाटण्याचं अर्धं कारण इथेच आहे. गाळलेला आवाज नंतर कितीही एको टाकला तरी भरून येत नाही.

खात्री करायची असेल तर रेकॉर्ड लावा, नखाने आधी फोनच्या खालच्या बारीक भोकाजवळ खरवडा, मग बडवर खरवडा. लाटांमध्ये जिथे मोठी खरखर दिसेल, तो माइक चालू.

उपाय एकच: वायरचे इअरफोन. जुने, साधे, शंभर-दीडशे रुपयांचे चालतील. ते कानात संगीत ऐकण्यापुरतेच हवेत.

चिंगी

शंभर रुपयांचा इअरफोन आणि शंभर वेळा सोडवायची गाठ 😄 आमच्याकडे कपाटात असे सात आहेत, डावा कान चालणारे वेगळे आणि उजवा चालणारे वेगळे.

सुरेल_सातारी

माझाही हाच प्रॉब्लेम आहे. कराओके ट्रॅक काळी पाचमध्ये आहे आणि माझा आवाज पांढरी पाचचा. वरच्या षड्जाला गेलं की घसा बसतो. तो खाली कसा आणायचा? ट्रॅकला आवाज जुळत नाही म्हणजे नाहीच.

तबलापेटी

हा वेगळा प्रश्न आहे दादा, पण सोपा आहे. काळी पाच ते पांढरी पाच म्हणजे तीन सेमीटोन खाली. ॲपमध्ये ट्रॅकच्या पर्यायांत पिच असतं, तिथे उणे ३ करा. फक्त वेग बदलू देऊ नका. तीनपर्यंत तबला थोडा मवाळ होतो, चालतं. पाच-सहा केलं तर डग्गा पाण्यात बुडवल्यासारखा वाजतो. आणि हे गाण्याआधी करायचं, नंतर नाही.

जाई_मिरज

भावाकडून वायरचा इअरफोन आणला. माझ्या फोनला गोल भोक नाही, म्हणून टाइप-सीचं कनेक्टर घ्यायला लागलं. पहिलं आणलेलं फोनने ओळखलंच नाही. दुकानदार म्हणाला, आत चिप असलेलं हवं, तुमच्या फोनला साधं चालत नाही. ते बदलून घेतलं.

आता कानात ट्रॅक स्वच्छ ऐकू येतो आणि आवाजही खूप सुधारला. पण तरी आवाज किंचित मागे आहेच. पहिल्यासारखा फरफटत नाही, पण समेवर "धा" आधी पडतो आणि माझा शब्द नंतर. वायर लावून पण हे का?

तबलापेटी

ब्लूटूथचा उशीर गेला, फोनचा स्वतःचा राहिला. अँड्रॉइडमध्ये आवाज आत-बाहेर करण्यात वेळ जातो, आणि प्रत्येक फोनचा तो वेगळा असतो. काही ॲप अंदाजाने तो वजा करतात, पण अंदाज तो अंदाज. बँडलॅबच्या सेटिंगमध्ये लेटन्सी मोजायची सोय आहे, ती वापरून बघा. मला स्वतःला हाताने मोजलेलंच आवडतं, कारण डोळ्यांना दिसतं.

असं करा. नवा प्रोजेक्ट उघडा, पहिल्या ट्रॅकवर सावकाश चार टाळ्या रेकॉर्ड करा. मग इअरफोनचं बोंड फोनच्या माइकच्या भोकावर धरा, आवाज मोठा ठेवा, दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड लावा आणि गप्प बसा. पहिल्या टाळ्या इअरफोनमधून वाजतील आणि माइकमध्ये जातील. आता दोन ट्रॅक एकाखाली एक मोठे करून बघा. वरची टाळी आणि खालची टाळी यांच्यात जेवढं अंतर दिसेल, तेवढाच तुमचा आवाज प्रत्येक वेळी मागे पडतो.

तुमच्या इअरफोनच्या वायरवर माइकची गोळी असेल तर फोन बहुतेक तीच ऐकत असणार. मग बोंड फोनच्या भोकावर नाही, त्या गोळीवर धरा. ज्या माइकमध्ये गाणार, त्याच्यावरच मोजायचं.

मिलिसेकंद वाचता नाही आले तरी बिघडत नाही. ग्रिडला चिकटण्याचा पर्याय बंद करा आणि खालचा ट्रॅक बोटाने डावीकडे सरकवत राहा. "टट्" असं दुहेरी ऐकू येतंय तोवर सरकवा. दोन टाळ्यांची एक टाळी झाली की थांबा.

मस्कतकर

मी आयफोनवर गॅरेजबँडमध्ये करतो, वायर लावली की मला असं काही सरकवावं लागत नाही. पण ब्लूटूथ लावलं की आमच्याकडेही तोच तमाशा. इथे मराठी मंडळाच्या कार्यक्रमासाठी सहा जणांनी घरोघरी आपापली ओळ गाऊन पाठवली होती. चौघे वायरवर, दोघे ब्लूटूथवर. एकत्र लावलं तेव्हा देवळातल्या आरतीत मागचे लोक अर्धी ओळ मागून म्हणतात ना, तसं झालं.

जाई_मिरज

तबलापेटीदादा, तुम्ही सांगितलेलं केलं. भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने दोन्ही ट्रॅक लॅपटॉपवर ऑडॅसिटीत उघडून मोजले. वायरवर ११० मिलिसेकंद. त्याला चैन पडेना म्हणून त्याने ब्लूटूथवरही मोजलं: २९०!

माझ्या गाण्याची लय ८० आहे, म्हणजे एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची. ब्लूटूथवर मी मात्रेच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त मागे होते. वायरवर साधारण सातवा हिस्सा. आता आवाजाचा ट्रॅक ११० ने डावीकडे घेतला आणि काय सांगू, मुखडा फिट बसला.

पण दुसरा अंतरा अजून मागेच आहे. तिथे परत सरकवू का?

तबलापेटी

आता थोडं वाईट वाटेल असं सांगतो. फोनचा उशीर पहिल्या शब्दाला जेवढा असतो, शेवटच्या शब्दालाही तेवढाच असतो. मुखडा बसला आणि दुसरा अंतरा नाही बसला, तर तिथे फोन नाही, आपण रेंगाळलोय.

जाई_मिरज

🙈 मान्य. त्या अंतऱ्यात एक लांब मींड आहे, तिथे मी रमते. तेवढा अंतरा परत गाते.

अनघा_पुणे

रमा हो, भावगीतात रमायचं नाही तर कुठे! फक्त सम गाठा म्हणजे झालं.

मी गाणं शिकवते, त्यामुळे एक गोष्ट सांगावीशी वाटते. दोन्ही कान बंद करून गाऊ नका. दोन्ही कानांत बोंडं असली की स्वतःचा आवाज डोक्याच्या आत घुमतो, हंड्यात तोंड घालून गायल्यासारखा. मग सूर कुठे लागतोय ते कळत नाही. माझ्या मुली अशा गायल्या की हमखास अर्धा स्वर खाली जातात. एक कान उघडा ठेवा.

तबलापेटी

अनघाताई, सुराबद्दल तुमच्याशी वाद घालायची माझी लायकी नाही. पण काढलेलं बोंड गळ्यात लोंबत ठेवलं तर त्यातून ट्रॅक माइकमध्ये झिरपतो. मग मिक्समध्ये तबला दोनदा येतो, एकदा मूळ ट्रॅकमधून आणि एकदा तुमच्या आवाजाच्या ट्रॅकमधून, बारीक. त्याने सगळं गाणं पाइपातून आल्यासारखं पोकळ वाटतं. आवाज सरकवल्यावर तर तो झिरपलेला तबलाही सरकतो. हे नंतर काढता येत नाही.

ओळखायचं असेल तर आवाजाचा ट्रॅक एकटा लावा आणि मधल्या म्युझिक पीसच्या जागी ऐका. तिथे शांतता हवी. बारीक चिवचिव ऐकू आली तर झिरपलं.

एक कान उघडा हवाच असेल तर ते बोंड मुठीत घट्ट धरा किंवा मागे मानेवरून पाठीत सोडा. आणि कानात आवाज कमी ठेवा.

अनघा_पुणे

मुठीत धरून आम्हा लोकांना गाता येत नाही हो, हात चालतात आमचे. मी तरी एक कान उघडाच सांगेन. थोडं झिरपलं तर झिरपलं, बेसूर गाण्यापेक्षा बरं.

मस्कतकर

दोन्ही कान बंद, पण आवाज इतका कमी की खोलीतला माझा आवाज बाहेरून येतो. मला हे जमतं. ज्याचं त्याने बघावं.

जाई_मिरज

मी एक बोंड पाठीत सोडून गायले. पीसच्या जागी ऐकलं, तबला नाही. पण तिथे दुसरंच काहीतरी आहे. मी गात नसते तेव्हा हळूहळू "स्स्स" वाढत जातं, पंखा लांबून जवळ आल्यासारखं. मग मी पहिला शब्द उच्चारला की तो धाडकन मोठा येतो आणि "स्स्स" गायब. पंखा मी बंद केला होता!

तबलापेटी

हे फोनचं शहाणपण. तुम्ही गप्प झालात की फोनला वाटतं आवाज कमी पडला, म्हणून तो माइकची ताकद आपोआप वाढवत नेतो. बोलायला हे बरं, गायला घातक. अशी आणखी एक खोड म्हणजे लांब आकार. सारखा एकच सूर ऐकला की गोंगाट कमी करणाऱ्या सोयीला तो पंख्याचा आवाज वाटतो आणि ती त्याला खाऊन टाकते. तुमचे आकार मध्येच विरतात का?

जाई_मिरज

नाही, ते ठीक आहेत. फक्त "स्स्स".

तबलापेटी

मग वाचलात. ॲपच्या माइक सेटिंगमध्ये आवाज आपोआप वाढवण्याचा किंवा गोंगाट कमी करण्याचा पर्याय दिसला तर बंद करा. काही फोनमध्ये तो बंद होतच नाही. तेव्हा म्युझिक पीसच्या जागा आवाजाच्या ट्रॅकमधून कापून टाका, कापलेल्या टोकांना छोटा फेड द्या. श्वास मात्र सगळे कापू नका. ओळीच्या आधीचा श्वास राहू द्या, नाहीतर बाई भिंतीतून गातेय असं वाटतं.

आणि पीस संपायच्या आधी दोन मात्रा नुसतं हलकं गुणगुणा. फोन तेवढ्यात ताकद खाली आणतो, पहिला शब्द धाडकन येत नाही. गुणगुणणं नंतर कापायचं.

वसंतराव_नाशिक

ही गुणगुणण्याची युक्ती आवडली. पण मी म्हणतो नॉर्मलाइज केलं की सगळं एका पातळीवर येतंच की.

तबलापेटी

नाही ना काका, तिथेच फसगत होते. नॉर्मलाइज फक्त सगळ्यात मोठा क्षण शोधतं आणि तो कमाल मर्यादेपर्यंत पोचेल एवढं सगळं वर उचलतं. जाईताईंच्या एका वरच्या पंचमाने मर्यादा गाठली असेल, तर बाकी ओळी होत्या तिथेच राहतात. आणि जे उचललं जातं त्यात "स्स्स" पण उचललं जातं. तुमचं बरोबर एवढंच, की रेकॉर्डिंग अगदीच बारीक आलं असेल तर कामाला सोपं जातं.

गाताना मीटरवर बघायचं ते असं: सगळ्यात जोरातली ओळ उणे १२ ते उणे ६ च्या मध्ये यावी. शून्याला लागली की लाटांचे शेंडे कापले जातात, सुरीने कापल्यासारखे सपाट दिसतात, आणि ऐकायला चरचरतं. ते नंतर पूर्णपणे दुरुस्त होत नाही. पट्टीत वर जाताना फोनपासून मान थोडी मागे घ्या, गवई माइकवर करतात तसंच.

जाई_मिरज

आता सगळं रेकॉर्ड झालंय. कपाट उघडून, पाठीमागे दोरीवर गोधडी टाकून गायले, भिंतीचा घुमारा गेला. राहिला प्रश्न मिसळण्याचा. आवाज वर केला की मास्टरचं मीटर लाल होतं. आवाज खाली केला की शब्द बुडतात.

चिंगी

गोधडी! आमच्या शेजारच्या ताई आतल्या खोलीत गातात आणि कुकरच्या शिट्ट्या आम्ही मोजतो. 😄

तबलापेटी

आवाज वर नका नेऊ, ट्रॅक खाली आणा. कराओके ट्रॅक म्हणजे तयार माल. बनवणाऱ्याने तो आधीच मीटरच्या छतापर्यंत ठासून भरलेला असतो. भरलेल्या डब्यात तुम्ही अजून एक वाटी पीठ घालताय, मग सांडणारच. आधी ट्रॅक उणे ९ वर न्या आणि तिथेच सोडून द्या. आवाज शून्यावर. मग फक्त आवाजाचाच फेडर हलवा, एका वेळी एक डेसिबल. मास्टर उणे १ च्या वर जाऊ देऊ नका. एकूण गाणं लहान वाटेल, त्याची काळजी शेवटी.

दुसरं, तुम्हाला शब्द पाठ आहेत. म्हणून ते बुडाले तरी तुम्हाला ऐकू येतात. गाणाऱ्या माणसाने स्वतःचा बॅलन्स ठरवू नये तो याचसाठी. ज्यांना गाणं माहीत नाही अशा कुणाला तरी ऐकवा आणि शब्द कागदावर लिहायला सांगा.

जाई_मिरज

जाऊबाई कर्नाटकातल्या, त्यांना हे गाणं अजिबात माहीत नव्हतं, पण मराठी पक्कं येतं. बसवलं त्यांना कागद-पेन घेऊन. सगळं गाणं लिहिलं, फक्त दोन ठिकाणी टिंबं टिंबं. दोन्ही जागा पहिल्या अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीतल्या, जिथे मी मंद्रात जाते!

म्हणजे सगळा आवाज वाढवायची गरजच नव्हती. भाच्याने ती एकच ओळ कापून ३ डेसिबलने उचलली. परत लिहायला लावलं, या वेळी एकच शब्द चुकला, आणि तो मीच नीट उच्चारला नव्हता.

तबलापेटी

वा! मोठे इंजिनिअरही हेच करतात, ओळीओळीने फेडर हलवत बसतात. आता दोन छोटी कामं. आवाजाच्या ट्रॅकवर इक्वलायझर उघडा आणि १०० हर्ट्‌झच्या खालचं सगळं कापा. बायकांच्या आवाजात तिथे काही नसतं, नुसती टेबलाची आणि रस्त्याची घरघर असते. मग संगीताच्या ट्रॅकवर २ ते ४ हजार हर्ट्‌झच्या मध्ये २-३ डेसिबलचा उथळ खड्डा करा. व्यंजनं तिथे असतात. संगीताने तिथे थोडं अंग चोरलं की शब्द फेडर न हलवता वर येतात.

रिव्हर्ब अगदी शेवटी. बंद केल्यावर "काहीतरी गेलं" असं वाटावं, आणि चालू असताना कळू नये, एवढाच.

वसंतराव_नाशिक

एवढाच? मग मजा काय राहिली? आमच्या वेळी रेडिओवरच्या गाण्यात कसा छान घुमारा असायचा.

अनघा_पुणे

काकांशी सहमत, थोडा जास्त चालतो. भावगीतात आवाज संगीताच्या पुढे हवा हे नक्की, पण अगदी कोरडा नको. तबलापेटी, तुमचा कान ठेकेवाल्यांचा आहे 🙂

तबलापेटी

हे खरं असेल. मला डग्गा ऐकू आला नाही की चैन पडत नाही.

जाई_मिरज

डग्ग्यावरून आठवलं. गाणं तयार झालं, इअरफोनवर सुंदर वाटतंय. आईला पाठवलं, तिने फोनच्या स्पीकरवर लावलं, तर आवाज एवढा मोठा आणि तबला जवळजवळ गायब! आई म्हणाली, "तू छान गातेस, पण साथीला कुणी आलंच नव्हतं का?" आता ट्रॅक वाढवू का?

तबलापेटी

थांबा, लगेच वाढवू नका. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचे सूर येतच नाहीत. डग्गा आणि बेस गिटार तिथे हरवतात, तुमचा आवाज मात्र नेमका स्पीकरला झेपणाऱ्या भागात असतो. म्हणून स्पीकरवर आवाज नेहमीच मोठा वाटतो. स्पीकरवर बरोबर केलंत तर इअरफोनवर संगीत अंगावर येईल.

मी मध्ये थांबतो. स्पीकरवर आवाज थोडा जास्त, इअरफोनवर थोडा कमी, दोन्हीकडे शब्द कळतात, अशी जागा बघतो. अजून एक करा. गाणं स्पीकरवर लावा आणि व्हॉल्यूम इतका कमी करा की जेमतेम ऐकू येईल. शेवटपर्यंत काय उरतं? शब्द आणि तबल्याची चाट दोन्ही उरले पाहिजेत. नुसते शब्द उरले तर ट्रॅक १ डेसिबल वर. नुसती चाट उरली तर आवाज १ वर.

परीक्षक कशावर ऐकणार आहेत ते विचारलंत का?

जाई_मिरज

विचारलं. एक जण गाडीत ऐकणार, दोघं फोनवर आणि एका काकांकडे मोठे स्पीकर आहेत म्हणे. 😅

केलं तुम्ही सांगितलं तसं. नुसते शब्द उरत होते, म्हणून ट्रॅक उणे ९ वरून उणे ८ वर आणला. आता चाटही ऐकू येते. अनघाताईंच्या सांगण्यावरून रिव्हर्ब एक चिमूट जास्त ठेवला, दादा रागावू नका.

मस्कतकर

गाडीत ऐकणाऱ्यांसाठी एकदा गाडीत लावून बघा. गाडीत डग्गा फुगतो, ट्रॅक तिथे जास्त वाटेल.

जाई_मिरज

ह्यांना संध्याकाळी गाडीची किल्ली मागते. गाडीत ट्रॅक फार फुगला तर अर्धा डेसिबल परत खाली घेईन.

सुरेल_सातारी

तबलापेटी दादा, उणे ३ केलं, षड्ज आता लागतो, घसाही बसला नाही. पण आता माझाही आवाज मागे येतोय. मीही ब्लूटूथवरच आहे. त्या टाळ्या फोनच्या भोकावर धरायच्या की बडच्या?